पाचाच्या अगोदरचा डाग

मालवणच्या बाजारात नाझमीन मुकादमच्या औषधाच्या दुकानाला अर्धा गाव 'थांबा मेडिकल' म्हणतो. पाटीवर 'मुकादम मेडिकल स्टोअर्स' असं स्वच्छ लिहिलेलं आहे, पण पाटी वाचतो कोण? चिठ्ठी पुढे केली की नाझमीन चष्मा कपाळावरून नाकावर घेते, चिठ्ठी उजेडाकडे धरते, आणि काही खटकलं की पहिला शब्द तोंडातून निघतो तो 'थांबा'. मग फोन. डॉक्टर उचलेपर्यंत गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवत उभं. पाच-पंचवीस लोक या वाट बघण्यालाच कंटाळून स्टँडाकडच्या मेडिकलात जाऊ लागले. नाझमीनला ते ठाऊक आहे. जायचं त्याने खुशाल जावं, असं ती म्हणते, आणि म्हणताना तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो.

रागीट आहेच ती. सत्तेचाळीस वर्षांची बाई, काउंटरमागे तेवीस वर्षं काढलेली. वडिलांच्या, हसन मुकादमांच्या, हाताखाली शिकली आणि ते गेल्यावर दुकान एकटीने चालवलं. रीतसर परीक्षा पास झालेली फार्मासिस्ट, प्रमाणपत्र भिंतीवर, आणि प्रमाणपत्रातलं माणूस त्याच भिंतीखाली दिवसभर उभं. हे शेवटचं वाक्य ती मुद्दाम सांगते, कारण सगळीकडे असं नसतं. पण तिच्या रागाचं मूळ वेगळंच आहे, आणि ते तिने कुणालाच सांगितलेलं नाही.

दुकानात येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा एक चिठ्ठी आली होती, आकडा पुसट. वडील नमाजाला गेलेले. नाझमीनने अंदाज केला, औषध दिलं, आणि अंदाज बरोबर निघाला. तोच घात झाला. चुकला असता तर तेव्हाच शहाणपण आलं असतं. बरोबर निघालेला अंदाज माणसाला लाडावून ठेवतो. पुढच्या दोन चिठ्ठ्याही तिने अशाच 'ओळखल्या', आणि चौथी होती जासिंत मास्तरांची. मास्तरांनी तिला शाळेत इंग्रजी शिकवलेलं. त्यांची हृदयाची गोळी, रोज अर्धी. घडीवर आकडा विरला होता आणि नाझमीनने अर्धीची एक केली. दहाव्या दिवशी मास्तरांना उलट्या सुरू झाल्या, सगळं जग पिवळं दिसायला लागलं, नाडी मंदावली. चार दिवस इस्पितळात काढून ते वाचले. वय झालं, औषध सोसलं नाही, असं सगळे म्हणाले. मास्तरांनी कधी विचारलं नाही आणि नाझमीननेही सांगितलं नाही. ते जिवंत होते तोवर दर नाताळला त्यांच्या घरून नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा यायचा, 'आमच्या हुशार विद्यार्थिनीक' म्हणून. एकही नेवरी तिच्या घशाखाली कधी उतरली नाही.

तेव्हापासून ती थांबते.

डिसेंबरातल्या एका शनिवारी, अकराच्या सुमाराला, देवबागची तुळसा तारी तिच्या दुकानात आली. तुळसा मालवणच्या मासळी बाजारात बसते. साठीला आलेली, पण पहाटे देवबागहून पाटी घेऊन निघते आणि सुरमईचे तुकडे अशा सफाईने पाडते की बघत राहावं. म्हणजे पाडायची. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या बोटांचे सांधे सुजले होते. सकाळी कोयता मुठीत धरता येत नव्हता. नाझमीन तिच्याकडूनच मासे घ्यायची आणि रोज त्या बोटांकडे बघून म्हणायची, मोठ्या डॉक्टरला दाखव. शेवटी आदल्या दिवशी तुळसा कुडाळला गेली. गोव्याहून सांध्यांचे डॉक्टर जोनाथन परेरा महिन्यातून दोनदा तिथे शुक्रवार-शनिवार बसतात. त्यांनी तपासून चिठ्ठी दिली. सोबत तिचा मुलगा सत्यवान होता. आजही तोच घेऊन आलेला. त्याची पर्यटकांची बोट, हंगामाचे दिवस, देवबागला आठजण लाइफ जॅकेट घालून त्याची वाट बघत होते आणि त्याच्या खिशातला फोन सारखा थरथरत होता.

तुळसाने कमरेची नव्हे, पाटीतली प्लास्टिकची पिशवी उघडली. कोळणीच्या हिशेबाने पाटीइतकी राखणीची जागा दुसरी नाही: सुट्टे पैसे तिथे, आधार कार्ड तिथे, देवाचा अंगारा तिथे. कालची चिठ्ठीही तिथेच गेली होती, बांगडे-सुरमईच्या खाली, बर्फाच्या शेजारी. पिशवीला कुठेतरी खिळ्याएवढं भोक होतं.

डॉक्टर परेरा शाईच्या पेनाने लिहितात. नाझमीनने ओला कागद गाळणीच्या कागदावर अलगद पसरला. वरचं नाव, वय, तारीख शाबूत. औषधाचं नाव तर ठळक: मेथोट्रेक्सेट. त्याखालची ओळ, किती घ्यायचं आणि कधी घ्यायचं ती, निळ्या पाण्याचं डबकं झाली होती. डबक्यातून दोनच गोष्टी वर आलेल्या, डावीकडे एक ५ आणि पार उजवीकडे एक ४. पाचाच्या अगोदर एक भलाथोरला डाग. त्याखाली उरलेला कागद नुसता निळा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. हे औषध सांधेवातावर चांगलं आहे, शेकडो लोक त्यावर सुखाने चालतात-फिरतात. पण सांध्यांसाठी ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. एकदा म्हणजे एकदाच. रोज घेतलं तर आठवडा-दोन आठवड्यांत तोंडात फोड येतात, जुलाब लागतात, रक्तातल्या पेशी घटत जातात, आणि ताप येऊन माणूस दगावतो. रोगाने नव्हे, गोळीने. हे नाझमीनला पाठ होतं. म्हणजे 'कधी' या प्रश्नाचं उत्तर तिला जवळजवळ ठाऊक होतं. राहिलं 'किती'. पाचाच्या अगोदर एक असेल तर पंधरा. सात आणि टिंब असेल तर साडेसात. पहिलीच चिठ्ठी, सुरुवात आहे, म्हणजे साडेसातच असणार, असं तिचं मन म्हणालं. अगदी ठाम म्हणालं. त्या ठामपणाचीच तिला भीती वाटली, कारण मास्तरांच्या वेळी मन असंच बोललं होतं.

"थांबा," ती म्हणाली, आणि तुळसाला स्टुलावर बसवून तिने चिठ्ठीचा फोटो काढला.

सत्यवानाने कपाळाला हात लावला. लोकांनी त्याला सांगून ठेवलेलंच असणार, मुकादमांकडे जाशील तर दुपार होईल. तरी त्याने बराच वेळ दम धरला हे खरं. नाझमीनकडे जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या नंबरांची एक जाडी वही आहे. त्यातून तिने कुडाळचा नंबर लावला. तिथली दीपिका नावाची मुलगी म्हणाली, डॉक्टर पेशंट तपासतायत, चार वाजता करा. नाझमीनने सांगितलं, डोस वाचता येत नाही, एका मिनिटाचं काम आहे. दीपिका म्हणाली, मॅडम, सगळेच एका मिनिटाचं सांगतात. आणि पुढे म्हणाली, तुम्हाला अनुभव असेलच की, नेहमीचा असतो तो डोस द्या.

नाझमीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नेहमीचा डोस! जणू काय वाण्याच्या दुकानातली साखर, नेहमीची किलोभर बांधा. तिने पुन्हा फोन केला, पुन्हा, आणि फोटोही दीपिकाच्या नंबरावर पाठवला. दीपिकाने तो बघितला, दोन निळ्या खुणा आल्या, आणि पुढे काही नाही.

चौथ्या वेळी फोन ठेवला तेव्हा सत्यवान उठला.

"बाय, डॉक्टरान लिवलेला आसा, औषधाचा नाव तुमका वाचूक येता. अंदाजान द्या मां."

नाझमीनने सांगितलं, या औषधाचा अंदाज करत नाहीत. डॉक्टरने लिहिलेलं बदलायचा मला हक्क नाही, आणि पुसलेलं मनाने भरायचा तर मुळीच नाही. चार वाजेपर्यंत थांब, मी स्वतः कळवते. तुळसा स्टुलावरून म्हणाली की थांबूया रे, पण तिचा आवाज दुखऱ्या माणसाचा होता, आणि मुलाने तो ऐकला. रात्रभर ती बोटं पोटाशी धरून बसली होती. त्याला आईचं दुखणं आजच्या आज थांबवायचं होतं. त्यात त्याचं काय चुकलं? चुकलं ते पुढचं.

"तुमका कळना नाय तर दुकान कित्याक उघडून बसलात?" तो म्हणाला. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती. एकजण हसला.

नाझमीनचे कान तापले. तिला उलट बोलता आलं असतं. तिची जीभ बाजारात प्रसिद्ध आहे. पण सत्यवानाने तेवढ्यात कागद उचलला, आईचा दंड धरला आणि दोघं बाहेर पडली. तो स्टँडाच्या दिशेला वळलेला तिने बघितला. तिने हाक मारली, त्याने मागे बघितलं नाही. दुकान उघडं टाकून धावणार कशी? गिऱ्हाइकं होती, आणि तिच्यामागे फार्मासिस्ट दुसरा कोणी नव्हता. आपण तेव्हाच का धावलो नाही, हे मात्र तिला पुढे कित्येक दिवस डाचत राहिलं.

हसलेला माणूस आपली खोकल्याची बाटली घेताना म्हणाला, जाऊ दे बाय, तुझं गिऱ्हाईक नाही ना राहिलं आता, तुला काय त्याचं? नाझमीनने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो बाटली न तपासताच निघून गेला. गिऱ्हाईक गेलं म्हणून चिठ्ठी जाते थोडीच. तिने पाचवा फोन लावला.

दीपिका आता वैतागली होती. नाझमीनने आवाज खाली आणला, राग आला की ती तसंच करते, आणि प्रमाण मराठीत एकेक शब्द सुटा करून सांगितलं: "तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कुणीतरी आज त्या बाईला चुकीचा डोस देणार आहे. मी तारीख, वेळ आणि तुमचं नाव माझ्या रजिस्टरात लिहून ठेवते आहे. आता आत जाऊन विचारा."

दोन मिनिटं फोनवर कसलंतरी पंख्याचं घरघरणं ऐकू येत राहिलं. मग डॉक्टर परेरा आले, चिडलेलेच. बाहेर पन्नास पेशंट आहेत म्हणाले. सांधेवाताचा डोस फार्मासिस्टला कळत नाही का म्हणाले. नाझमीनने ते गिळलं. एका सकाळी एक माणूस दोनदा तेच ऐकतो तेव्हा गिळायची सवय होते. तिने नाव, गाव, तारीख सांगितली आणि विचारलं, "डॉक्टर, पंधरा की साडेसात?"

पलीकडे पानं चाळल्याचा आवाज झाला.

"पंधरा कुठून आणलंत?" डॉक्टरांचा आवाज बदलला होता. "पाच. नुसते पाच मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, दर रविवारी, चार आठवडे, आणि त्रास होऊ नये म्हणून मंगळवारी फॉलिक अ‍ॅसिड. बाईंची किडनी कमजोर आहे, रिपोर्ट बघूनच मी कमी लिहिलंय."

पाचाच्या अगोदर काहीच नव्हतं. नुसता बर्फाच्या पाण्याचा डाग, आणि त्यात प्रत्येकाला आपापला आकडा दिसत होता. नाझमीनचा साडेसात दीडपट निघाला असता, कमजोर किडनीच्या बाईला. तेवीस वर्षांचा अनुभव, भिंतीवरचं प्रमाणपत्र, आणि तरी दीडपट.

मग तिला आठवलं ते तिने सांगितलं. बाजारात सकाळभर बसता यावं म्हणून तुळसा दुखण्यावरच्या गोळ्या खाते, रोज दोन, कधी तीन. शेजारची कोळीण देते. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं. तुळसाने सांगितलं नव्हतं, कारण त्या गोळ्यांना ती औषध समजतच नाही, चहासारखंच ते तिला. डॉक्टर म्हणाले, त्या आजपासून बंद, किडनीवर त्यांचाच भार पडत असणार. सोमवारी रक्त पुन्हा तपासा, रिपोर्ट मला पाठवा, आणि मी सांगेपर्यंत मेथोट्रेक्सेट सुरूच करू नका. नाझमीनने सगळं जसंच्या तसं त्यांना परत वाचून दाखवलं: पाच मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, रविवार, सोबत फॉलिक अ‍ॅसिड मंगळवारी, पण सोमवारच्या रिपोर्टनंतरच. ते हो म्हणाले. तिने नवी चिठ्ठी मागितली, आणि मागताना एवढंच म्हणाली की ठळक सुट्या अक्षरांत लिहा, शाईच्या पेनाने नको. दहा मिनिटांत फोनवर नवी चिठ्ठी आली, मोठ्या अक्षरांत, बॉलपेनाने, 'आठवड्यातून एकदाच' खाली दोन रेघा. त्यांनी तेवढं केलं हे कबूल करायला हवं. तिने रजिस्टरात वेळ टाकली, बारा वाजून वीस मिनिटं, कोणाशी बोलली ते लिहिलं आणि सही केली.

आता चिठ्ठी होती आणि पेशंट नव्हता. सत्यवानाचा नंबर तिच्याकडे नव्हता. तिने दुकानाला कुलूप लावलं, दारावर 'फार्मासिस्ट बाहेर गेली आहे' असा पुठ्ठा टांगला, आणि आधी मासळी बाजारात गेली. तुळसाची पाटी उठलेली. मग ती स्टँडाकडे वळली.

स्टँडाकडच्या मेडिकलाच्या भिंतीवरही प्रमाणपत्र आहे. त्यावर फोटो आहे तो माणूस कोल्हापुरात राहतो आणि महिन्यातून एकदा येऊन सह्या करून जातो. सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. काउंटरवर असतो जितेंद्र. वाईट माणूस नव्हे तो. वीस वर्षं गोळ्या काढून देतोय, कपाटातलं काय कुठे ते डोळे मिटून सांगेल, अडल्या माणसाला रात्री उठून दुकान उघडून देईल. म्हणूनच नाझमीनला त्याचा जास्त राग येतो. नालायकाला माणूस टाळतो; अशा मदतीच्या माणसाकडे सगळे धावतात. कोल्हापूरच्या त्या सहीवाल्याला तर ती उन्हात उभं करील.

तिने विचारलं, तुळसा तारीला काय दिलंस? त्याने खळखळ न करता सांगितलं, मेथोट्रेक्सेट साडेसात, एक पाकीट, दहा गोळ्या.

"कशी घेवक सांगितलंस?"

"रोज एक, जेवल्यार. शेवटाक चार दिसता, म्हणजे चार आठवडे. संपला की परत या म्हटलंय."

"रोज खंय लिवलेला?"

जितेंद्र जरा गडबडला. रोज असं लिहिलेलं नव्हतं, पण गोळी म्हटल्यावर रोजचीच की, असं त्याचं म्हणणं. आणि आकडा? पाचाच्या अगोदर काहीतरी असणारच ना, एवढा मोठा डाग. साडेसातची पाकिटं कपाटात होती, म्हणून साडेसात. अंदाजपंचे दाहोदरसे! नाझमीन त्याच्यावर ओरडली नाही. तिने त्याला एकेक सांगितलं, आठवड्याची गोळी रोज घेतली की काय होतं ते, तोंडापासून रक्तापर्यंत, आणि सांगता सांगता जितेंद्रचा चेहरा उतरत गेला. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. म्हणजे वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्याने सांगायचं तो कोल्हापुरात. त्याने मुकाट्याने सत्यवानाचा नंबर दिला. नंबर लावला तर फोन बंद. बोट समुद्रात गेली होती.

देवबाग मालवणपासून काही फार लांब नाही, पण रिक्षात बसलं की रस्ता संपत नाही. तारकर्लीपुढे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी, मधली वाळूची पट्टी अरुंद होत जाते, आणि त्यात पर्यटकांच्या गाड्या एकमेकींना अडवून उभ्या. नाझमीन रिक्षात बसून धुमसत होती. ओल्या पिशवीवर चिडली, शाईवर चिडली, दीपिकावर, कोल्हापुरावर, आणि फिरून फिरून स्वतःवर. एक दिवसाने काही होत नाही हे तिला माहीत होतं. पण तुळसाही माहीत होती. ज्या बाईला दोन गोळ्यांनी बरं वाटतं ती तिसरी घेते.

घर सापडायला वेळ लागला नाही. तुळसा पडवीत बसली होती, शेजारी पाण्याचा तांब्या. नाझमीनने आधी पाकीट मागितलं. दहातली एक जागा फुटलेली होती.

"आत्ताच घेतलंय गो, जेवल्यार," तुळसा म्हणाली. "दुखता म्हणान दुसरी आता घेतलंय असती, उद्याची कित्याक ठेवची?"

तांब्या त्यासाठीच होता. नाझमीनने पाकीट आपल्या मुठीत घेतलं आणि तिथूनच कुडाळला फोन लावला. या खेपेला दीपिकाने पहिल्याच घंटीला उचलून फोन डॉक्टरांना दिला. डॉक्टरांनी विचारलं, किती वाजता, किती, आणखी काही घेतलं का. मग म्हणाले, एकाने घाबरायचं कारण नाही, पुढे एकही नको. भरपूर पाणी प्यावं, तोंड आलं, ताप आला किंवा जुलाब झाले तर थांबायचं नाही, थेट इस्पितळ, नाहीतर सोमवारी रक्त आणि मला फोन. नाझमीनने हे सगळं एका कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं. दुखण्यावरच्या गोळ्यांचं लिहिताना तुळसा रुसली. मग बाजारात बसू कशी? नाझमीनने सांगितलं, चार दिवस नको बसूस, मासे पळून जात नाहीत. तुळसा हसली, पण तिचे डोळे भरून आले होते, कारण मासे पळत नसले तरी गिऱ्हाईक पळतं.

एवढ्यात सत्यवान आला, अंगावरची खारी ओल तशीच. पडवीत नाझमीनला बघून आधी त्याला वाटलं भांडायला आली. मग त्याने आईच्या हातातला कागद वाचला. दोनदा वाचला. 'आठवड्यातून एकदाच' या शब्दांवर त्याचं बोट थांबलं, आणि त्याने पाकिटातल्या उरलेल्या नऊ गोळ्यांकडे बघितलं. नऊ दिवसांचा हिशेब त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही. तो पायरीवर बसला.

नाझमीनने त्यालाही सोडलं नाही. तिने सांगितलं की ती सोमवारी ओरोसला, औषध प्रशासनाच्या कार्यालयात, त्या कोल्हापूरच्या प्रमाणपत्राबद्दल लेखी तक्रार देणार आहे, आणि जितेंद्रने दिलेलं पाकीट आणि पुसलेली चिठ्ठी लागेल. तो म्हणाला, देईन. साक्ष द्यायलाही येईन. जितेंद्रचं काय होईल, असं तुळसाने विचारलं. जितेंद्रची दोन मुलं शाळेत आहेत हे तिलाही माहीत होतं. तरी ती तक्रार देणार होती.

निघताना तुळसाने तिला दारापर्यंत पोचवलं. बोटं सुजलेलीच होती, पण तिने नाझमीनचा हात त्या बोटांत धरला.

"इतक्या लोकांनी कागद बघितल्यानी," ती म्हणाली. "तुका एकटीक कसा गो कळला, की पाचाच्या अगोदर कायच नाय?"

सत्यवान पायरीवरून वर बघत होता. सकाळचं त्याचं वाक्य त्याच्या आणि नाझमीनच्या मधेच कुठेतरी पडलेलं होतं, आणि ते दोघांनाही दिसत होतं. नाझमीनला क्षणभर जासिंत मास्तर आठवले.

"माका कळला नाय," ती म्हणाली. "म्हणानच फोन केलंय."

आणि ती रिक्षाकडे गेली, कारण दुकान दोन तास बंद होतं आणि दारावरच्या पुठ्ठ्याखाली एव्हाना कुणीतरी चिठ्ठी घेऊन थांबलं असणार होतं.